चाळीस टक्के आणि एकमत

मी आयुष्यात एकच भाषण केलं, आणि त्या भाषणाची मला आजही शिसारी येते. ऐकणाऱ्यांची तर येतेच.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. धुळ्यात आग्रा रोडपासून जरा आत आमची चोवीस घरांची सहकारी गृहसंस्था होती. सरकारी कर्ज काढून घरं बांधलेली, अंगणाएवढ्या जागा, मधोमध सगळ्यांची एक विहीर. विहिरीवर तेलाचं इंजिन, वर टाकी, टाकीतून घरोघर नळ. धुळ्यात तेव्हा भल्याभल्यांच्या घरी नळ नव्हता. त्यामुळे आमच्या सभासदांची नाकं वर गेली होती ती कायमचीच. मी लोकल बोर्डाच्या कचेरीत हिशेबनीस होतो, म्हणून खजिनदारकी माझ्या गळ्यात पडली. मान नव्हता, पैसा नव्हता, फक्त शिव्या होत्या.

दर घराची देखभालीची वर्गणी महिना अडीच रुपये. चोवीस घरांचे साठ रुपये येत, त्यात विहिरीवरच्या माणसाचा पगार, इंजिनाचं तेल, गल्लीतले कंदील आणि झाडूवाला भागे. लढाईने तेल भडकलं. विहिरीवरच्या माणसाला जिनिंग फॅक्टरीतून बोलावणं येऊ लागलं. मी हिशेब मांडला. तेलाला पाच रुपये जास्त, विहिरीवरच्या माणसाला महागाईचे चार, झाडूवाल्याला दोन, कंदिलांना एक. महिन्याला बारा रुपये कमी पडत होते. म्हणजे वीस टक्के वाढ, घरामागे आठ आणे. सरळ गोष्ट होती. आणि सरळ गोष्ट सरळ सांगण्याची अक्कल मला झाली नाही.

माझं म्हणणं असं की ही माणसं घासाघीस केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाहीत. वीस मागितले तर दहा देतील. तेव्हा चाळीस मागावे, ओढाताण होईल, शेवटी वीसवर तोडगा निघेल. मी हे आमच्या अध्यक्षांच्या कानावर घातलं. ते निवृत्त मामलेदार होते. जन्मभर रयतेकडून जास्तीची मागणी करून नंतर सूट दिल्याचं पुण्य पदरात पाडलेला माणूस. ते म्हणाले, "बरोब्बर. माणसाला काहीतरी सोडवून घेतल्याचं समाधान पाहिजे." आम्ही दोघे स्वतःला मोठे हुशार समजत होतो.

माझी सगळी भिस्त एका कापसाच्या व्यापाऱ्यावर होती. दोन घरं त्याची. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्यात त्याचा हात धरणारा नव्हता, पै सुटू देत नसे. तो उठेल, वीसवर आणेल, बाकीचे त्याच्यामागून माना डोलावतील. इतकं सोपं होतं.

नियमाप्रमाणे चौदा दिवस आधी नोटीस फिरवली आणि एका रविवारी सकाळी विहिरीजवळच्या निंबाखाली सर्वसाधारण सभा भरली. घरोघरच्या सतरंज्या आणल्या होत्या. पुढची सतरंजी एका सभासद वकिलाची, म्हणून व्यापाऱ्याने आपली गादी त्याच्याही पुढे टाकली. या दोघा शेजाऱ्यांचं वैर जुनं होतं. वकिलाने कुंपणाला हिरवा रंग दिला की व्यापारी दोन हात जास्त उंच कुंपण करी. असल्या माणसांच्या हाती मत द्यायचं आणि त्याला सहकार म्हणायचं!

मी उभा राहिलो. घसा खाकरला आणि सुरू केलं.

"सभासद बंधूंनो, वर्गणी अडीच रुपयांवरून साडेतीन करावी, म्हणजे शेकडा चाळीस वाढवावी, असा ठराव मी मांडतो आहे. महिन्याला चोवीस रुपये जास्त लागणार. पैकी बारा रुपये तेल, पगार, झाडू आणि कंदील यांचे. ते तुम्हाला पटतील. राहिले बारा. विहिरीचा गाळ काढायला हवा. टाकीला भेगा जाण्याचा संभव आहे. नळ जुने होतील. त्यासाठी दरमहा बारा रुपये बाजूला टाकावे लागतील. आज टाळलं तर उद्या दुप्पट पडेल."

पहिले बारा खरे होते. दुसरे बारा मी आदल्या संध्याकाळी चहा पिता पिता जन्माला घातले होते. गाळ गेल्याच उन्हाळ्यात काढून झाला होता, टाकीला केसाएवढी भेग नव्हती, आणि नळ 'जुने होतील' हे तर कोणत्याही नळाबद्दल म्हणता येतं. एवढं पोकळ भाषण कोणा मुलानेही पकडलं असतं. मी खाली न बसता उभाच राहिलो, घासाघीस सुरू होण्याची वाट पाहत.

व्यापारी उठायच्या बेतात होता. गादीवर हात टेकलाही होता. तेवढ्यात वकील बसल्या जागेवरून, तोंडात सुपारी घोळवत म्हणाला, "आता आपल्यातले काही लोक इथं कापसाचा बाजार मांडतील. चालायचंच. ज्याचा त्याचा धंदा."

चार जण हसले. व्यापाऱ्याचा चेहरा वांग्यासारखा झाला. तो ताडकन उभा राहिला आणि अहिराणीत ओरडला, "चाळीसच काबर? पन्नास लावा! आपले काही भीक लागेल नही! मी वरीसभरना पैसा आजच भरस!"

मग वकिलालाही राहवेना. तो म्हणाला, चाळीसबद्दल चकार शब्द काढणं हे सुशिक्षितांना शोभत नाही. तिसरा म्हणाला, आमच्याकडून तर हरकतीचा प्रश्नच नव्हता. आदल्या आठवड्यात रॉकेलच्या बाटलीसाठी दुकानदाराशी भांडताना ज्यांना मी डोळ्यांनी पाहिलं होतं, ते रुपया म्हणजे हातचा मळ असल्यासारखे हात झटकू लागले. मी बघत राहिलो. वीस रुपयांसाठी मेव्हण्याशी अबोला धरणारी ही माणसं शेजाऱ्यासमोर गरीब दिसू नये म्हणून स्वतःचा खिसा आपण होऊन कापून घेत होती.

फक्त एका माणसाने प्रश्न विचारला. ते एरंडोलकडच्या शाळेतून निवृत्त झालेले प्राथमिक शिक्षक, आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. कोपऱ्यातलं सगळ्यात लहान घर त्यांचं. पेन्शन अठरा रुपये, त्यातून कर्जाचा हप्ता साडेसात. त्यांचा हप्ता मीच जमा करून घ्यायचो, तेव्हा हे आकडे मला पाठ होते. ते सतरंजीच्या अगदी काठावर बसले होते. हळूच म्हणाले, "खजिनदारसाहेब, गाळ गेल्या उन्हाळ्यात काढला ना? आम्हीच इथं उभे होतो."

एवढंच म्हणायचं होतं, 'गुरुजी, तुमचं बरोबर आहे, वीस पुरे.' याच वाक्यासाठी तर सगळं सोंग आणलं होतं. पण व्यापाऱ्याने भाव पाडावा असा माझा बेत होता; गुरुजींनी गाळावरच बोट ठेवलं, आणि आता चोवीस घरांसमोर माझं भाषण खोटं ठरणार होतं. मी अध्यक्षांकडे पाहिलं. मामलेदारांनी चष्म्यावरून गुरुजींकडे बघितलं आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, पैशाची अडचण असेल तर तसं उघड सांगा. संस्था विचार करील."

सगळ्या माना गुरुजींकडे वळल्या. कोणी हसलं नाही, ते हसण्याहून वाईट होतं. गुरुजी म्हणाले, "नाही, नाही. सहज विचारलं." मग हात वर करायला सांगितलं तेव्हा त्यांचाही हात वर गेला. ठराव एकमताने पास. चहा आणि शेव आली. व्यापाऱ्याने खरंच वर्षाचे पैसे मोजले, तेही वकिलाला दिसेल असे.

त्याच आठवड्यात मी मामलेदारांकडे गेलो. म्हटलं, पुन्हा सभा बोलावून वाढ निम्मी करू. ते म्हणाले, "एकमताचा ठराव! आणि आता काय लिहायचं, खजिनदार खोटं बोलला?" मी घरी आलो. मला माझं नाव प्यारं होतं. बोर्डाच्या कचेरीत बढतीचे दिवस होते.

शिल्लक साठत गेली. वर्षअखेर एकशे चव्वेचाळीस रुपये झाले. कमिटीने त्याचं काय करावं? नळ? टाकी? छे! वेशीवर दगडी कमान बांधायचं ठरलं, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याला कळावं की आत कोणी मोठे राहतात. वकील आणि व्यापारी आयुष्यात प्रथमच एका बाजूने बोलले. कमानीच्या खांबावर कोणाचं नाव आधी, यावरून पुढच्याच महिन्यात पुन्हा फाटलं, हे सांगायला नकोच.

गुरुजींनी त्या वर्षभरात एकही महिना चुकवला नाही. पहिल्या तारखेला पैसे रुमालात बांधून आणायचे, पावती नीट घडी करून न्यायचे. त्यांच्याकडचं दूध बंद झाल्याचं माझ्या बायकोने मला सांगितलं. पुढे त्यांनी बाहेरची खोली एका कारकुनाला भाड्याने दिली आणि नवराबायको स्वयंपाकघरात झोपू लागले. एका रुपयाने कुणाचं घर जात नाही, हे मलाही कळतं. धान्य महाग होतं, गुरुजींच्या बाई आजारी होत्या. पण त्या रुपयाइतका बिनकामाचा रुपया त्यांच्या घरातून दुसरा गेला नसेल, आणि तो मी नेला.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ते माझ्याकडे आले. घर विकायचं होतं, मेहरूणला धाकट्या भावाकडे जायचं होतं. घेणारा व्यापाऱ्याचा पुतण्या. घर दुसऱ्याच्या नावावर करायचं तर अर्जावर खजिनदाराचा शेरा लागे. मी अर्ज घेतला, पण लेखणी उचलवेना. म्हटलं, "गुरुजी, त्या दिवशी मी खोटं बोललो. वीसच पुरत होते."

ते खुर्चीच्या काठावर बसले होते. चष्मा पुसत घरच्या अहिराणीत म्हणाले, "माले तव्हयच समजी गयं व्हतं, भाऊ. पस्तीस वरीस पोरेसले टक्केवारी शिकाडी मी."

"मग हात का वर केलात?"

"बठ्ठासना हात वर व्हतात," ते म्हणाले. "मन्हा एकलाना खाले दिसता." मग माझ्याकडे बघत, अजिबात राग न आणता त्यांनी विचारलं, "मी ते बशेल व्हतू. तुम्ही ते उभा व्हतात ना? तुम्ही काबर नही बोलनात?"

त्या चोवीस घरांचा मी इतकी वर्षं तिरस्कार करत आलो, वकिलाचा, व्यापाऱ्याचा, मामलेदाराचा. मामलेदार सोडले तर त्यांना खरं माहीत नव्हतं, एवढं तरी त्यांच्या बाजूने म्हणता येईल. गुरुजींनी अर्ज माझ्यापुढे सरकवला, आणि मी त्यावर लिहिलं, 'यांजकडे संस्थेचे काहीही येणे नाही,' आणि खाली सही केली.