कॉम्प्युटर मिळाला

त्या फॉर्मवर माझी सही आहे, म्हणून ही गोष्ट मला नीट आठवते. माणूस नोकरी सोडताना ‘काही देणं नाही’ असा एक कागद फिरवायचा, तसा तो फॉर्म होता. कपाटाची किल्ली, अ‍ॅप्रन, ओळखपत्र, कॉम्प्युटर. प्रत्येक ओळीसमोर त्या त्या खात्याच्या माणसाची सही. गोंदियाच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कॉम्प्युटर खातं म्हणजे मी एकटाच. मी कॉम्प्युटरच्या ओळीसमोर ‘मिळाला’ असं लिहिलं आणि सही ठोकली. माऊस, कीबोर्ड, मॉनिटर सगळं जागेवर होतं. एवढंच मी पाहिलं होतं.

नोकरी सोडत होत्या त्या आमच्या मुख्य टेक्निशियन. मी त्यांना ताई म्हणायचो. शाल, श्रीफळ, पेढे, ग्रुप फोटो सगळं झालं. पेढे खाऊन मी त्यांचं ईमेल बंद केलं, लॅबच्या सॉफ्टवेअरमधलं त्यांचं लॉगिन बंद केलं, आणि खरं सांगतो, स्वतःवर खूशही झालो. आमगावच्या शाखेतलं लॉगिन मात्र राहिलं. तिथली इंटरनेट लाईन दिवसातून चारदा जायची, म्हणून तिथल्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरची वेगळी प्रत होती आणि वापरणाऱ्यांची यादीही वेगळी. ती बंद करायला आमगावलाच जावं लागायचं. सोमवारी जाऊ, म्हटलं. कोणता सोमवार ते काही मी ठरवलं नव्हतं.

अडीच महिन्यांनी ताईंचा फोन आला. त्या गोंदियातच दुसऱ्या एका हॉस्पिटलात लागल्या होत्या, पहिले सहा महिने कच्च्या नोकरीवर. आमगावचा एक पेशंट तिथे दाखवायला आला आणि त्याच्या फाईलमध्ये आमच्या लॅबचा रिपोर्ट निघाला. आठवड्यापूर्वीची तारीख आणि खाली ‘तपासून मंजूर’च्या पुढे ताईंचं नाव. तिथल्या डॉक्टरांनी सरळ विचारलं, की तुम्ही दोन्हीकडे नोकरी करता का. जुन्या लॅबकडून चार दिवसांत लेखी आणा, नाही तर दुसरीकडे बघा, असंही सांगितलं.

ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “भाऊ, तो फॉर्म माह्याजवळ आहे. तुमची सही आहे त्याच्यावर. तो दाखवला तं मी सुटते, पण तुम्ही अडकसाल. म्हणून आधी विचारून राहिली.”

मी ‘बघतो’ म्हणालो. यापेक्षा पळपुटा शब्द मराठीत नसेल.

त्याच दुपारी गाडीला किक मारून आमगाव गाठलं. तिथे पंचेचाळिशीचे एक टेक्निशियन एकटेच शाखा सांभाळायचे. त्यांच्या मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावर ताईंचा पासवर्ड. ताई असतानाच त्यांनी तो फोनवर सांगितला होता, रिपोर्ट अडू नये म्हणून. तेव्हा आकडे फोनवर ऐकून त्या हो म्हणायच्या, मग आमगावचे टेक्निशियन बटण दाबायचे. आता हो म्हणणारं कोणी नव्हतं, बटण तेवढं राहिलं होतं. मी आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, “माह्या लॉगिनले मंजूरचं बटनच नाही दिसत जी. बाई गेल्यावर कोणी सांगतलं का, आता कोणाच्या नावानं करू? पेशंट काऊंटरवर उभा राह्यते.”

 ताईंचं लॉगिन बंद करणं हे निम्मं काम. त्यांचं मंजुरीचं काम आता कोणाकडे, हे ठरवणं उरलेलं निम्मं, आणि तेही मी कोणाला विचारलं नव्हतं. मी ताईंचं खातं बंद केलं. पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर कोणत्या तारखेला त्या नावावर काय झालं याची नोंदही गेली असती. ती नोंद मी छापून घेतली. ताई गेल्यानंतरची रोजची मंजुरी, सगळी आमगावच्याच कॉम्प्युटरवरून. मग पूर्ण यादी उघडली आणि घाम फुटला. दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेला रिसेप्शनिस्ट, सॉफ्टवेअर बसवायला आलेला इंजिनिअर, आणि आमचे एक वारलेले सहकारी, ज्यांच्या तेराव्याला मी जेवून आलो होतो, ते सगळे अजून कामावर होते. वारलेल्या माणसाला तर सगळे अधिकार होते. एकेकाचं नाव बंद केलं. आमगावचे आकडे त्या दिवसापासून गोंदियाला येऊन ताईंच्या जागी आलेल्या टेक्निशियनकडून मंजूर व्हायला लागले आणि रिपोर्टला एक दिवस जास्त लागतो म्हणून लोक मला शिव्या देऊ लागले.

मालक-डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “लिखा-पढी मत करो. मैं फोन पे बोल देता हूँ.” मी दोन दिवस त्या फोनची वाट पाहिली. जेवण जाईना. बायकोने विचारलं तर तिच्यावरच डाफरलो. तिसऱ्या दिवशी कळलं, फोन झालाच नाही. मला मालकांचा राग आला, पण त्याहून जास्त राग या गोष्टीचा आला, की फोन झाला नाही हे ऐकून मला क्षणभर हायसं वाटलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी लॅबच्या कागदावर मीच लिहिलं. ताईंनी अमुक तारखेला नोकरी सोडली. त्यानंतरच्या एकाही रिपोर्टशी त्यांचा संबंध नाही. त्यांचं लॉगिन बंद करायची जबाबदारी माझी होती, ती मी पार पाडली नाही. खाली सही केली, सोबत छापलेली नोंद लावली आणि मालकांसमोर ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि शिक्का पुढे सरकवला.

ताईंचं घर गोंदियाजवळच्या कुडव्याला, तिथे गेलो. त्यांनी पत्र उभ्याउभ्याच वाचलं. मला वाटलं, सुटलो. त्यांनी विचारलं, “माह्या नावानं जे गेले, ते रिपोर्ट कुठं आहेत?”

म्हटलं, त्यांचं काय? तुमचा संबंध नाही असं लिहून दिलंय ना.

“तुम्ही लिहून दिलं. पेशंटनं तं माहं नाव वाचलं.”

इतक्या दिवसांत माझी नोकरी, त्यांची नोकरी, मालकांचा चेहरा, सगळ्याचा विचार करून झाला होता. पेशंट मला एकदाही आठवला नव्हता. ताई त्यांच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना पत्र देऊन आल्या, नोकरी राहिली. संध्याकाळी मी मालकांना विचारून रिपोर्टचा गठ्ठा ताईंच्या घरी नेला. ताई चटईवर बसून एकेक पान उलटत गेल्या, मी पंख्याखाली बसून चुळबुळत राहिलो. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. हिमोग्लोबिन बारा आणि त्याच्या खालीच पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, एकवीस. पीसीव्ही साधारण तिप्पट असायला पाहिजे, बाराला छत्तीस. एकवीस असेल तर हिमोग्लोबिन साताच्या आसपास. आकडा हाताने भरताना चुकला होता आणि मंजूर करणारं डोकं तिथे नव्हतंच. रिपोर्ट एका बाईचा होता, सातवा महिना.

दुसऱ्या दिवशी पत्ता शोधत आमगावच्या पुढच्या गावात गेलो. ती बाई घरीच होती. थकवा येतो म्हणाली, पण रिपोर्ट चांगला आहे म्हणून डॉक्टरांकडे गेली नव्हती. तिला आणि तिच्या नवऱ्याला गोंदियाला घेऊन आलो, रक्त पुन्हा काढलं. रिपोर्ट हातात आला तेव्हा खाली नाव कोणाचं आहे ते मी आधी पाहिलं. मग आकडा पाहिला. सात होता.