शेवटचा पगार

मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात ताईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. चादरीवर डाग दिसला की त्या मशीनवाल्याला असं काही झापायच्या की त्याला नको-नको व्हावं. पण आता गुडघे ऐकेनात. ओल्या चादरींचा गठ्ठा उचलला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि निवृत्तीला अजून दहा महिने होते.

धुलाईघराचे साहेब मनाचे भले. म्हणाले, "ताई, खालच्या श्रेणीत घडी-विभागात जागा रिकामी आहे. बसून काम. विनंती अर्ज द्या, परवा आदेश काढतो." ताईंनी लगेच सही ठोकली. मूळ पगार छत्तीस हजारांवरून सत्तावीसवर येणार होता, पण दहाच महिन्यांचा तर प्रश्न! अठ्ठावीस वर्षं हाडं झिजवली, तेवढी पुण्याई पेन्शनमध्ये येईलच, असा त्यांचा हिशेब होता. कुणाला विचारावं, हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

घरी धाकटी बहीण होती. शिवणकाम करायची, आता नजर अधू झाली होती. भाड्याच्या दोन खोल्या, भाडं नऊ हजार. भाचा, म्हणजे मधल्या बहिणीचा मुलगा, म्हणत होता, "धाकट्या मावशीला माझ्याकडे नेतो, पण दोघींना ठेवणं काही जमायचं नाही." पेन्शनीत भाडं आणि दोन पोटं भागली, तरच बहिणी एकत्र राहणार होत्या. धाकटी यावर काही बोलायची नाही, आणि तेच ताईंना जास्त लागायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पेन्शनची कागदपत्रं द्यायला हिशेब विभागात गेल्या. खिडकीमागच्या बाई तुसड्या म्हणून प्रसिद्ध.

"बदलीचा अर्ज तुमचा?" त्यांनी मान वर न करताच विचारलं. "कुणी सुचवलं हे शहाणपण?"

"साहेबांनी. आणि शहाणपण कसलं, गुडघ्यांसाठी..."

"बसा." बाईंनी कागद ओढला. "शेवटचा मूळ पगार, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले साठ. आपल्याकडे पेन्शन अशी निघते. छत्तीस हजार, अठ्ठावीस वर्षं: महिना सोळा हजार आठशे. सत्तावीस हजारांवर निवृत्त झालात तर बारा हजार सहाशे. मरेपर्यंत!"

"अहो, पण इतकी वर्षं तर वरच्याच पगारावर..."

"वर्षं सगळी मोजतात. पगार मात्र शेवटचाच. आधी कितीही घेतलेला असो."

ताईंच्या पायांखालची जमीन सरकली. बारा हजार सहाशेतून भाडं गेलं की हातात काय उरणार, धुपाटणं! आपल्या सहीनंच बहिणीला घराबाहेर काढलं असतं की. डोळे भरून आले, आणि त्याबद्दल त्यांना स्वतःचाच राग आला.

"वाफेजवळ काम करण्याचा जो भत्ता मिळतो, तोही धरत नाहीत ना?" काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं.

"नाही. भत्ता गेला तरी पेन्शनचं काही बिघडत नाही. मूळ पगाराला हात लावू नका. आदेश निघायच्या आत अर्ज मागे घ्या, पळा!"

पळणं कुठलं, ताई भिंतीचा आधार घेत साहेबांच्या खोलीत पोचल्या. साहेब जरा दुखावले. "तुमच्या भल्यासाठीच केलं होतं हो."

"ते माहीत आहे. पण मला खालचं काम नको. माझ्याच जागेवर राहायचं आहे." मग आयुष्यात पहिल्यांदा ताईंनी कुणाकडे तरी काही मागितलं. "फक्त गठ्ठे उचलवत नाहीत. काहीतरी सोय करा."

साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. "ताई, तुम्ही मुख्य आहात. देखरेख हे तुमचं काम. गठ्ठे उचलायला तुम्हाला सांगितलं कुणी? मला वाटलं, देखरेखीचं कामच झेपत नाही."

कुणीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच्या हातचं पटायचं नाही, म्हणून ताई स्वतःच मरत होत्या. त्यांना हसावं की रडावं कळेना. अर्ज मागे घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून धुलाईघरात त्यांच्यासाठी स्टूल आलं. वाफेच्या बाजूला जाणं थांबलं, भत्ता बंद झाला. पहिले आठ दिवस तर त्या हात मांडीखाली दाबून बसायच्या. आणि गंमत बघा, चादरी तशाच पांढऱ्या निघत राहिल्या! हे बघून ताई थोड्या हिरमुसल्या आणि खूपशा सुखावल्या.

दहा महिन्यांनी पेन्शनचा आदेश हातात पडला. घरी येऊन त्यांनी तो मोठ्यानं वाचला. सोळा हजार आठशे.

धाकटी शिवणमशीनवर हात ठेवून बसली होती. म्हणाली, "मग भाच्याला काय कळवू?"

"कळव, की मावशी येत नाही," ताई म्हणाल्या.

धाकटीनं पदर डोळ्यांना लावला. इतके महिने ती एकदाही बोलली नव्हती, ते आता बोलली, "मला जायचंच नव्हतं गं."