त्यांच्यामागची माझी वर्षं

लग्न झालं तेव्हा मी तिशी ओलांडलेली आणि ते माझ्यापेक्षा चोवीस वर्षांनी मोठे. नांदेडच्या एका खाजगी कारखान्यात ते फोरमन होते. पहिली बायको आजारपणात गेलेली, एकुलती एक मुलगी लातूरला नर्स, तीही लग्न होऊन सुखात. माझं लग्न काही ना काही कारणानं राहूनच गेलं होतं. अहमदपूरच्या विहारात दोन्हीकडची मोजकी माणसं जमली, वंदना झाली आणि मी नांदेडला आले. बाजारात लोक मला त्यांची लेक समजत. ते हसून सोडून द्यायचे, मला मात्र घरी येईपर्यंत बोलावंसं वाटायचं नाही.

त्यांच्या रिटायरमेंटला दोन-तीन महिने उरले असतील. एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "तुझी आजी किती वर्षं जगली गं?"

"नव्वदीच्या पुढं. का?"

"आणि आई?"

"आईला काय झालंय? ती आहे की धडधाकट."

त्यांनी नुसती मान हलवली. दोन दिवसांनी माझं आधार मागितलं, मग शाळेचा टीसी. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "लागतो." त्यानंतर लेकीचा फोन आला की ते उठून गॅलरीत जायला लागले. बोलणं हळू. मी भांडी घासता घासता नळ बंद करून ऐकायचे. एकदा एवढंच कानावर आलं, "तिच्या जिवावर किती बसतंय ते विचार."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला. तो अहमदपूरच्या मार्केट यार्डात आडतीवर कामाला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तुझ्या नावचा विमा काढायलेत ते. बघ, सही करू नको कुठं."

"पण माझा कशाला? मी तर लहान आहे."

"तेच म्हणतो ना मी. लहान बाईचा विमा कशाला लागतो माणसाला? जरा डोळे उघडे ठेव. बाप-लेक एक हायत."

भाऊ तापट आहे, त्याला सगळीकडे काळंबेरं दिसतं, हे मला ठाऊक होतं. तरी त्या दिवसापासून त्यांनी हातात दूध आणून दिलं तरी मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. आता लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा वाटायचं ते असंच.

मग एके दिवशी ते म्हणाले, "उद्या लातूरला जायचंय. तुझी सही लागेल."

मी म्हटलं, "कशावर?"

"तिथं कळेल. मला नीट सांगता येत नाही त्यातलं."

दुसऱ्या दिवशी एसटीनं निघालो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा क्षणभर वाटलं, उतरावं आणि सरळ माहेरी जावं. उतरले नाही. काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं.

लातूरला लेक स्टँडवर घ्यायला आली होती. ती मला ताई म्हणते. आई म्हणण्याएवढं आमच्या वयात अंतर नाही. ती आम्हाला एका विमा एजंटाच्या ऑफिसात घेऊन गेली. एजंट जावयाच्या ओळखीचा, हे कळल्यावर माझा संशय आणखी घट्ट झाला.

एजंटानं आमच्याकडे बघून विचारलं, "या तुमची मोठी मुलगी का?"

"मंडळी आहेत," ते म्हणाले. आवाज अगदी साधा.

एजंट गडबडला, पाणी मागवलं आणि समजावू लागला. पीएफ आणि ग्रॅच्युइटीतली मोठी रक्कम एकदाच विमा कंपनीकडे भरायची, तिच्यातून दर महिन्याला ठरावीक पेन्शन. "साहेब, तुमच्या एकट्याच्या नावावर घ्या. महिन्याला सगळ्यात जास्त त्यातच बसतंय. जोडीनं घेतलं की कमी होतं, त्यात मॅडमचं वय एवढं कमी. कंपनीला लई वर्षं द्यावं लागतं ना."

मी विचारलं, "आणि हे गेल्यावर?"

एजंट त्यांच्याकडे बघत राहिला. मी पुन्हा विचारलं, "हे गेल्यावर मला दर महिन्याला काय मिळणार?"

"या पर्यायात ते साहेबांसोबत थांबतं," तो म्हणाला. "मुद्दलही परत नाही. म्हणून तर जास्त बसतं."

ते पुढे सरकले. "हेच मी लेकीला फोनवर म्हणत होतो. मला जास्त नको. मी किती दिवसांचा आहे? हिच्या घरात बाया नव्वदीला जातात. हिच्या जिवावर किती बसतंय ते सांगा."

आधार, टीसी, आजीचं वय, सगळं या पेन्शनसाठी होतं. दोघांपैकी कुणीही जिवंत असेपर्यंत पेन्शन, आणि ते गेल्यावरही माझी पूर्ण, अर्धी नव्हे.

मग लेकीनं विचारलं, "समजा तुमच्यामागं ताईंनी दुसरं लग्न केलं तर?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"कारखान्याची पीएफवाली पेन्शन आहे ना," एजंट म्हणाला, "ती विधवेला अर्ध्यावर येते, आणि तिनं लग्न केलं की बंद. याला लग्नाशी देणंघेणं नाही. त्या आहेत तोवर चालूच."

"म्हणजे पप्पांचा पैसा दुसऱ्याच्या घरात."

"तिच्या घरात," ते म्हणाले. "ती जिथं राहील ते तिचं घर."

त्यांना लेकीलाही दुखवायचं नव्हतं. म्हणून आणखी एक पर्याय निघाला: महिन्याला अजून थोडं कमी घ्यायचं, पण आम्ही दोघंही गेल्यावर भरलेली मूळ रक्कम वारसाला परत. वारस म्हणून लेकीचं नाव. तिचा चेहरा निवळला. मी सह्या केल्या.

परतीच्या गाडीत ते म्हणाले, "ही पेन्शन वाढत नाही, ध्यानात ठेव. आज पुरते, पुढं नाही पुरणार. तुझं शिवणकाम सोडू नको." थोडी रक्कम त्यांनी आमच्या दोघांच्या नावावर मुदत ठेवीत ठेवली, मागे राहील त्याला मिळेल अशी.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं आणि जमलं नसतं तर? आणि तुझा भाऊ सगळे पैसे एकदम माग म्हणाला असता. मला त्याची भीती."

म्हणजे संशय त्यांच्याही मनात होता.

ते गेले त्याला आता दोन वर्षं झाली. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मृत्यूचा दाखला आणि बँकेचे कागद विमा कंपनीत द्यायला लेक माझ्यासोबत आली होती. नंतर पेन्शन माझ्या खात्यात यायला लागली. भाव वाढतात, ती तेवढीच राहते. म्हणून घरात दोन शिलाई मशिनी आहेत आणि सणाच्या आधी ब्लाउजांचा ढीग.

भाऊ अजून विचारतो, "मुद्दल तिला का?"

आणि ती लेक दर महिन्याला नांदेडला येते. पिशवीतून बीपीचं मशिन काढते, माझ्या दंडाला पट्टा बांधते, आकडा बघते. "गोळी चुकवता ना ताई तुम्ही? मीठ कमी करा म्हटलं ना." मी गेल्याशिवाय तिला तो पैसा मिळायचा नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक आहे. पट्टा आवळत जातो तसं कधी कधी मी तिच्या चेहऱ्याकडे बघते. काय शोधते, ते मला सांगता येणार नाही. ती तेवढ्यात पट्टा सोडते आणि म्हणते, "मागच्यापेक्षा बरं आहे."