आषाढाच्या मापाचं सोलर

फौजेतून परतलेल्या बिरदेवनं पाटणच्या डोंगरातल्या उपकेंद्रात लसींच्या फ्रिजसाठी सोलर बसवलं. पॅनेलचा हिशेब त्यानं आषाढातल्या अंधुक उजेडावर धरला आणि पाच दिवस ऊन पडलं नाही तरी फ्रिज चालेल एवढी बॅटरी ठेवली.

"यावर पंखा चालंल का?" सिस्टर पल्लवीनं विचारलं.

"न्हाई ताई. ही फकस्त फ्रिजची हाय."

जुलैत ढग उतरले ते हलेचनात. गावची लाईट गेली, दरड कोसळून रस्ताही बंद झाला. चौथ्या दिवशी बॅटरी निम्म्याखाली आल्याचा पल्लवीचा फोन येताच बिरदेव छोटा जनरेटर खांद्यावर घेऊन चिखलातून चढून आला आणि त्यानं बॅटरी चार्जिंगला लावली. फ्रिजचं तापमान पाच अंशांवरच होतं.

लसीकरण ठरल्या दिवशीच झालं. पहिलं बाळ टाहो फोडून रडलं, तसा बिरदेव खुशीत हसला.