न आलेला फोटो

अंधांसाठीच्या त्या वाचनालयात बाई एकवीस वर्षं एकच काम करत होत्या. पुस्तकातली चित्रं डोळ्यांनी बघायची आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी शब्दांत मांडायची. बेडकाचं हृदय, नद्यांचे नकाशे, राजाराण्यांच्या तसबिरी, काही म्हणून सोडलं नव्हतं. नाव कुणी घेत नसे, सगळे नुसतं "बाई" म्हणत. काटेकोरपणाबद्दल त्यांची चेष्टाही व्हायची. चित्रातल्या घोड्याचा एक पाय झाडाआड असला तर बाई लिहायच्या, "घोड्याचे तीन पाय दिसतात." मग एखादा वाचक फोन करून विचारायचा, "बाई, घोडा लंगडा आहे का हो?"

दोन वर्षांपूर्वी वाचनालयात चित्रांचं वर्णन करणारा कॉम्प्युटर प्रोग्राम आला. बाईंची दिवसाला जेमतेम बारा चित्रं उरकायची, तो बारा मिनिटांत दोनशे उरकू लागला. बाईंकडे राहिलं ते तपासणीचं काम. सुरुवातीला त्या प्रत्येक चित्र उघडून वर्णन ताडून बघत. चुका क्वचित सापडत. हळूहळू चित्र उघडणं सुटलं. वर्णन वाचायचं, भाषा नीट आहे ना बघायचं आणि 'मंजूर'वर बोट ठेवायचं. ढीगच एवढा असायचा.

वाचक आपले घरचे फोटोही पाठवू शकत. तसा एक फोटो काकांनी पाठवला होता. काका जन्मांध. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा परमुलखात इमारतींच्या बांधकामावर होता, तिथेच वरून पडून गेला. त्याआधी दोन दिवस त्याने वडिलांना फोटो पाठवला होता, सोबत एक ओळ, "कामावरचा फोटो आहे, कुणाकडून तरी वाचून घ्या." काकांनी वर 'मुलगा बांधकामावर होता' एवढं लिहून तो पुढे वाचनालयाला धाडला.

उत्तर आलं ते असं : "पिवळं हेल्मेट घातलेला एक तरुण अर्धवट बांधलेल्या इमारतीसमोर उभा आहे. तो हसतो आहे. त्याने उजवा हात उंचावला आहे. मागे निळं आकाश आहे." बाईंनी ते वाचलं, त्यांच्या डोळ्यांपुढे तो मुलगा उभासुद्धा राहिला, आणि त्यांनी मंजूर केलं.

काकांनी ते वर्णन पाठ केलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं. शोकसभेत उभं राहून म्हणून दाखवलं.

आठ महिन्यांनी काका काठी टेकत वाचनालयात आले आणि बाईंच्या टेबलाशी बसले.

"बाई, एक बारीकशी गोष्ट विचारायची होती. त्या आठवड्यात त्याचं बोट कापलं होतं. मला म्हणाला, काही नाही, ओरखडा आहे. पोरगं लपवायचं हो सगळं. फोटोत डाव्या हाताच्या बोटाला पट्टी दिसते का, तेवढं बघता?"

"बघते की, त्यात काय!" बाई म्हणाल्या आणि सवयीने त्यांनी आधी प्रोग्रामलाच विचारलं. लगेच उत्तर आलं : होय, डाव्या हाताच्या तर्जनीला पांढरी पट्टी स्पष्ट दिसते.

बाई ते मोठ्याने वाचणार, एवढ्यात जुनी खोड जागी झाली. डावा हात आधीच्या वर्णनात कुठे होता? त्यांनी फोटो उघडायला घेतला. फोटोच्या जागी कोरी चौकट. खाली फाइलच्या आकाराचा आकडा, शून्य.

"काका, आज मशीन जरा हट्टाला पेटलंय. मी उद्या कळवते."

काका गेल्यावर त्यांनी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मुलीला बोलावलं. तिने नोंदी चाळल्या. काकांच्या फोनमधून फोटो निघालाच नव्हता, निघाले होते ते फक्त शब्द, मुलाची ओळ आणि काकांनी वर लिहिलेलं.

"मग याने हेल्मेट कुठून आणलं?" बाईंनी विचारलं.

"त्या ओळीतून, बाई. 'कामावरचा फोटो.' शिवाय काकांनी वर लिहिलं होतं, मुलगा बांधकामावर होता. याने लाखो फोटोंची वर्णनं वाचलीत. बांधकामावरचा तरुण म्हटलं की त्या वर्णनांत हेल्मेट असतं, हसू असतं, मागे इमारत असते. फोटोचं वर्णन कर म्हटलं की वर्णन यायचं, एवढंच याला ठाऊक. फोटो आला का, हे आधी तपासायची पायरीच आपण ठेवली नाही."

"आणि पट्टी?"

"पट्टीचं तुम्हीच विचारलंत ना? त्यातून आधीचं वर्णन याच्यासमोर होतंच. त्याला धरून पुढचं वाक्य जुळवलं."

बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी कुठलाही फोटो न जोडता विचारलं, फोटोतल्या मांजराचा रंग कोणता? उत्तर आलं, करडा, पाठीवर पांढरे पट्टे. तितक्याच ठामपणे. खऱ्या चित्राबद्दल बोलताना हा प्रोग्राम जसा बोले, अगदी तस्साच. स्वर कुठे अडखळत नव्हता, 'बहुधा' नव्हतं, 'असावं' नव्हतं. मग त्यांनी सरळ विचारलं, "तुला फोटो मिळाला आहे का?"

"क्षमस्व, मला कोणताही फोटो मिळालेला नाही."

बाई त्या ओळीकडे बघत राहिल्या. आठ महिन्यांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

फोटो परत मिळवायची धडपड चार दिवस चालली. काकांच्या फोनमध्येही फोटो कधी उतरलाच नव्हता, नुसती खूण उरली होती, फोटो उतरवून घ्यायची मुदत केव्हाच संपलेली. मुलाचा फोन त्याच्यासोबतच फुटला होता. मुलाच्या खोलीतल्या सोबत्याने कळवलं, फोटो मी काढला नव्हता, कुणी काढला माहीत नाही.

पाचव्या दिवशी बाई काकांच्या घरी गेल्या. पंख्याची घरघर सोडली तर खोलीत आवाज नव्हता. त्यांनी काही झाकलं नाही. फोटो आलाच नव्हता, वर्णन शब्दांवरून रचलेलं होतं, आणि मी न बघता मंजूर केलं.

 काका म्हणाले, "तो हसत नव्हता, असं म्हणताय?"

"हसतही असेल. मला माहीत नाही, काका. कुणालाच माहीत नाही."

"माझ्याकडे त्याचा आवाज होता, बाई. लहानपणीचं त्याचं डोकं हाताला आठवायचं. कानामागे एक खोक होती. हे हेल्मेट आलं आणि त्याच्याखाली ते सगळं गेलं. आता काढू कसं ते?"

"माझं चुकलं, काका."

"ते झालंच." त्यांनी काठी चाचपली, पण उठले नाहीत. "दार ओढून घ्या जाताना."

बाईंनी त्यानंतर जुन्या सगळ्या नोंदी उपसल्या. शून्य आकड्याच्या आणखी एकोणीस निघाल्या. त्यांत शाळेच्या पुस्तकातल्या सहा आकृत्या होत्या आणि एका वाचक महिलेच्या दिवंगत आईचा फोटो होता. प्रत्येकाला त्यांनी पत्र लिहिलं. वाचनालयाच्या साहेबांनी समजावलं, "कशाला उकरता? लोक समाधानी आहेत." तरी पत्रं गेली. दोघांनी उत्तर दिलं. त्या महिलेने लिहिलं, तुमचं वर्णनच बरोबर असणार, आई तशीच होती.

चित्र पोचलं नसेल तर प्रोग्रामने थांबावं, अशी सोय त्या मुलीने दोन दिवसांत करून दिली. फार अवघड नव्हतं.

बाई अजून कामावर जातात. प्रत्येक चित्र उघडतात, दिवसाला तीसही होत नाहीत, आणि ढीग वाढत चालला आहे. पुढच्या वर्षी ही तपासणीच बंद करायचं घाटतं आहे. काकांनी वाचनालयाचं सभासदत्व सोडलं. बाईंनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी उचलला, आवाज ओळखला आणि काही न बोलता ठेवून दिला.