पडद्याआडची मुक्ताई

मुक्ताई कापगतेचं नाव निघालं की मला आधी एक पडदा आठवतो. फिकट हिरवा, धुऊन धुऊन विरलेला. त्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती. वर्षभर आम्ही दोघींनी त्या पडद्याच्या दोन बाजूंना काम केलं. मी डॉक्टर, ती नर्स, पण पलीकडे पाऊल टाकायला बंदी होती ती मला. शनिवार पेठेत वाढलेल्या बाईला कुणी 'इथे येऊ नका' म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. पण नियम मीच लिहिलेला होता, त्यामुळे भांडायचं कुणाशी?

आमचं संशोधन केंद्र मार्केट यार्डाजवळ, गुलटेकडीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. दुपारी खालून गुळाचा आणि मिरचीचा वास यायचा, ट्रकचे हॉर्न लांबून यायचे, आणि पडद्याआडचा लशींचा फ्रिज एकसुरात घुमत राहायचा. मे महिन्यातल्या त्या दुपारी सगळ्यांच्याच डोळ्यांवर झापड असायची. पासष्टीच्या पुढची माणसं बाकावर रांगेत बसायची, त्यातली निम्मी पेंगत. एकेकजण उठून पडद्याआड जायचा आणि दंड चोळत बाहेर यायचा. मला ते दिवस झोपेत पाहिल्यासारखे आठवतात.

काम असं होतं. फ्लूची साधी लस तरुणांना जितकं संरक्षण देते तितकं म्हाताऱ्यांना देत नाही. लस तीच असते, शरीर बदललेलं असतं. नवा जंतू ओळखून त्याच्याशी लढायला शिकतील अशा पेशी वयाबरोबर कमी होत जातात, ज्या उरतात त्या सावकाश जाग्या होतात, आणि रक्तात प्रतिपिंडं थोडी तयार होतात. यावर दोन उपाय निघाले. एका लशीत जंतूचा अंश साध्या लशीच्या चौपट घालतात. दुसरीत अंश नेहमीइतकाच, पण सोबत एका तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असतात. ते सुई टोचलेल्या जागी शरीराच्या पेशींना गोळा करतात आणि कामाला लावतात. आम्ही साधी धरून तिन्ही लशी देऊन पाहत होतो. कुणाला कोणती, हे कॉम्प्युटर ठरवायचा. घेणाऱ्याला कळायचं नाही आणि मलाही नाही, कारण कळलं की माणूस नकळत बाजू घेतो. मग ताप कुणाचा खरा आणि कुणाचा किरकोळ, हे ठरवतानाही हात कचरतो.

पण टोचणारीला कळल्याशिवाय राहत नाही. तेलाची लस दुधासारखी पांढरी दिसते, बाकीच्या जवळजवळ पाण्यासारख्या, आणि प्रत्येक सुईवर लशीचं नाव छापलेलं असतं. म्हणून एकच माणूस पडद्याआड ठेवायचं, त्याने टोचायचं, आणि नंतरच्या ताप-खोकल्याच्या चौकशीत किंवा नोंदीत पडायचं नाही. ते माणूस म्हणजे मुक्ताई.

ती भंडाऱ्याकडची, साकोलीची. सव्वीस वर्षांपूर्वी नर्सिंगला पुण्यात आली आणि इथलीच झाली. आता मांजरीला नव्या सोसायटीत राहते. बोलण्यातला 'जी' तेवढा अजून शिल्लक आहे. चेहरा कोरा ठेवायची कला मात्र तिने त्या वर्षी कमावली. लस घेणाऱ्याने समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं असा दंडक होता, पण म्हातारी माणसं बिलंदर. ती कॅलेंडर सोडून मुक्ताईच्या तोंडाकडे बघायची. "बाई, जोरातली आहे ना?" असं हळूच विचारायची. मुक्ताई म्हणायची, "तारीख काय आहे आज, ते बघा जी."

याच बाकावर एक दिवस गेनबा येऊन बसले. मार्केट यार्डात चाळीस वर्षं हमाली केलेले, एकाहत्तरीचे. धान्याच्या आणि हळदीच्या धुळीने छाती कायमची भरलेली. मुक्ताई अठराव्या वर्षी पुण्यात उतरली तेव्हा हॉस्टेल मिळेपर्यंतचे दोन महिने ती याच गेनबांच्या घरी राहिली होती. ते ना नात्याचे, ना गावचे. ट्रंक घेऊन स्टँडवर रडत बसलेली पोर त्यांनी पाहिली आणि घरी बायकोकडे आणून सोडली, एवढंच. तेव्हापासून दर रविवारी ती त्यांच्याकडे जाते. काकू गेल्यानंतरही.

गेनबांना मी सगळं समजावून सांगितलं. साधी मिळू शकते, हेही सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. झोपले की काय, म्हणून मी थांबले.

"म्हंजी म्हाताऱ्या हमालाला हाळी मोठ्यानं मारायची," ते म्हणाले. "न्हाईतर चार माणसं उभी करून हलवायचं. कळलं. करा सही कुठं ती."

"आणि साधी मिळाली तर?"

"मिळंल ती. मुक्ता हाय न्हवं आत?"

मुक्ताई पडद्यातून डोकावली. "काका, तुम्ही कशाला यात?" ती म्हणाली. तिला नको होतं ते. माझ्याकडे वळून तिने विचारलं, "मॅडम, यांचं पण कॉम्प्युटरच ठरवणार?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरला काका-मामा नसतात." आज ते वाक्य आठवलं की स्वतःला चिमटा काढावासा वाटतो. गेनबा आत गेले, पाच मिनिटांनी बाहेर आले, शर्टाची बाही खाली केली आणि निघून गेले.

जूनमध्ये लशी देऊन संपल्या. मुक्ताईकडे पडद्याआड फ्रिजचं आणि लशींच्या हिशेबाचं काम उरलं. अस्मिता नावाची आमची मुलगी दर सोमवारी सगळ्यांना फोन करून ताप-खोकला विचारायची. इकडे यार्डाच्या चहाच्या टपरीवर म्हाताऱ्यांनी स्वतःचं संशोधन चालू केलं होतं. ज्याचा दंड दुखला त्याला जोरातली मिळाली, असा त्यांचा निकाल. त्यात थोडं तथ्य आहे, पण दंड साध्या लशीनेही दुखतो. गेनबा सगळ्यांत पुढे. "दोन दिस हात वर जाईना, दुधाचीच व्हती," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. अस्मिताच्या फोनवरही तेच.

जुलैच्या सुरुवातीला मुक्ताई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. मांजरीहून पावसात आलेली, पदराचं टोक पिळत.

"मॅडम, फोन आठवड्यातून दोनदा करता येतील?"

"कुणाला?"

"सगळ्यांना जी."

"का?"

तिने नुसता पदर पुन्हा पिळला. मला राग आला. सांगायचंही नाही आणि कामही वाढवायचं! "तीनशेबारा माणसं आहेत," मी म्हटलं, "अस्मिताला दोनच कान आहेत." तरी ती हलेना. "नियमांच्या कागदावर 'आठवड्यातून किमान एकदा' लिहिलंय मॅडम," ती म्हणाली, "मी वाचलंय." किमान हा शब्द माझाच. संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीला कळवून मी गुरुवारचाही फोन लावला, सगळ्यांना सारखा. दोन आठवडे तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. काही वेळा मी क्षुद्र वागते, ते असं.

ऑगस्टच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी अस्मिताने फोन लावला आणि गेनबांनी तो पहिल्याच घंटीला उचलला. "रात्रीपासनं ताप हाय. दम लागतोय. या लौकर," ते म्हणाले. अंगात कणकण असताना पोतं उचलणारा हा माणूस. नाकातला नमुना घेतला, तो फ्लूच निघाला. औषध त्याच दिवशी सुरू झालं. फ्लूच्या गोळ्या पहिल्या दोन दिवसांत सुरू झाल्या तर खऱ्या कामी येतात. तरी सहा दिवस ऑक्सिजन लागला. छातीचे डॉक्टर मला म्हणाले, "सोमवारपर्यंत घरी बसले असते तर मी काही सांगू शकलो नसतो." कोणती लस दिली होती हे कळून उपचारात काही बदलणार नव्हतं, त्यामुळे गुपित उघडायचा प्रश्न आला नाही.

त्या सहा दिवसांत मुक्ताई रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी जायची आणि सकाळी वेळेवर कामाला यायची. पडद्याआडून तिच्या चपलांचा आवाज यायचा, फ्रिजपाशी जाऊन थांबायचा, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. मी उठून पडद्यापर्यंत गेले होते. हात लावला नाही. धीराचा एक शब्द बोलले असते तर नियम मोडला नसता, पण मला तो सुचलाच नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये गुपितं उघडली. दोन्ही जोरातल्या लशींच्या गटांत प्रतिपिंडं साधीपेक्षा जास्त भरली, तरी फ्लू त्यांतल्या काहींनाही झालाच होता. मी यादीत गेनबांचं नाव शोधलं. साधी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला फोन एकालाच करायचा होता. एकालाच केला असता तर गुपित फुटलं असतं, म्हणून तिने तीनशेबारा माणसांना तो करायला लावला.

ज्यांना साधी मिळाली त्यांना येत्या मोसमासाठी जोरातली द्यायची, असं आधीच ठरलेलं होतं. मे महिन्यात गेनबा आले. पडदा आता बाजूला सारलेला होता आणि मी पहिल्यांदाच आत उभी होते. मुक्ताईच्या हातात दुधाळ लशीची सुई होती. ती टोचेना.

"काका," ती म्हणाली, "गेल्या वर्षी साधी होती. मला माहीत होतं. माहीत असून मी माझ्या हाताने टोचली." आणि त्या कोऱ्या चेहऱ्याच्या बाईला रडू आवरेना.

गेनबांनी शर्टाची बाही आणखी वर सारली.

"मला कवाच ठावं हाय," ते म्हणाले.

"कसं?"

"अगं, तू मला भेटलीस की आधी तंबाखूवरनं शिव्या घालतीस. सव्वीस वरसं. त्या दिशी माझ्या तोंडात तंबाखू व्हती, तरी तू एक शबुद बोलली न्हाईस. 'दुखलं का काका' म्हनलीस. तवाच वळखलं, पोरीच्या जिवाला कायतरी लागलंय." त्यांनी दम घेतला. "म्हनून ताप चढला तवा लपवला न्हाई. रातभर फोन हातात धरून बसलो."

"मग दुधाची होती म्हणून सगळ्यांना का सांगत सुटलात?" मी न राहवून विचारलं.

"तिच्या कानावर जावं म्हनून," गेनबा म्हणाले. "म्हाताऱ्याला काय बी कळलं न्हाई, असं तिला वाटावं. झोप लागंल तिला."