म्हात्र्यांच्या सोडतीत म्हात्रेच

तुळशीराम म्हात्रे बोलायला लागले, की पनवेल भागातली पन्नाशी उलटलेली माणसं अजून मान वळवून बघतात. वीस-बावीस वर्षं गावोगावच्या कबड्डी सामन्यांत माईक त्यांच्याच हातात असे. अंतिम सामन्यानंतर प्रेक्षकांसाठी सोडत निघायची. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या, आणि बक्षीस म्हणजे स्टीलची कळशी किंवा भिंतीवरचं घड्याळ. नावं पुकारून झाली की तुळशीराम माईक ठेवत आणि कुरकुर चाललेली असेल तिकडे जात. "डबा उघडा हाय, हात घालून बघा," म्हणत. लोक चिठ्ठ्या चिवडत, समाधान झालं की घरी जात.

त्यांचं मूळ गाव विमानतळाच्या जागेत गेलं. आता म्हात्र्यांचं घर पुनर्वसनाच्या वसाहतीत आहे आणि त्यांची सून रंजिता घरचा आगरी मसाला आणि सुकट, सोडे अशी सुकी मासळी इन्स्टाग्रामवरून विकते. पानाला दहा हजार लोक जोडले गेले, तेव्हा तिने तीन भेटपेट्यांची सोडत जाहीर केली. पोस्टखाली कमेंट करून एका मैत्रिणीचं नाव द्यायचं, एवढंच.

रविवारी पाच वाजता ती लाईव्ह आली. सगळी नावं मोबाईलवरच्या सोडतीच्या अ‍ॅपमध्ये भरलेली तिने आधी दाखवली आणि मग बटण दाबलं. नावं पुकारायला सासऱ्यांना बसवलं होतं. तुळशीराम इस्त्रीचा सदरा घालून आले होते. समोर माणसं नव्हती, स्टँडवर नुसता फोन. पहिलं नाव त्यांनी दबक्या आवाजात वाचलं. दुसऱ्याला मात्र जुना सूर लागला. "कामोठ्याच्या चारुता म्हात्रे," त्यांनी लांबवून पुकारलं. तिसरं नाव नाशिकच्या बाईंचं निघालं.

रंजिताने लगेच पोस्ट टाकली: तिन्ही विजेत्यांनी आपल्याच खात्यावरून दोन दिवसांत मेसेज करावा, पत्ता कमेंटमध्ये लिहू नये, आणि कुरिअरचे पैसे कोणी मागितले तर देऊ नयेत, आम्ही काहीच मागत नाही.

अर्ध्या तासात करंजा गावच्या ललिताची कमेंट आली. "म्हात्र्यांच्या सोडतीत म्हात्रेच निघणार. मी चाळीस कमेंट केल्या, मला काय मिळालं?" खाली आणखी पाच-सहा जणींनी री ओढली.

"काढून टाकते हे सगळं," रंजिता म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"नको, पोरी. पुसलंस तर लोकांना वाटंल, खरंच काय तरी लपवतेस. ती चारुता आपली कोण लागते?"

"कोणी नाही. मी तिला ओळखतही नाही."

"मंग तेच लिही. आन् त्या ललिताच्या चाळीस कमेंटचं काय झालं?"

रंजिताने जुनी पोस्ट उघडून बघितली. "एका माणसाचं नाव एकदाच धरलं. तसं लिहिलं होतं मी, पण अगदी शेवटच्या ओळीत."

"मंग तेवढी चूक आपली हाय. ती कबूल कर."

तिने सासऱ्यांना शेजारी बसवून उत्तर लिहिलं: "ललिताताई, तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, तुमची निराशा समजते. चारुताताई आमच्या नात्यातल्या नाहीत. एका व्यक्तीचं नाव एकदाच धरलं होतं, तो नियम मी ठळक लिहायला हवा होता, माफ करा. सोडतीचा पूर्ण व्हिडिओ पानावर ठेवला आहे. आणखी शंका असेल तर मला थेट मेसेज करा."

"एक पाकीट मसाला पाठवू का तिला?" रंजिताने विचारलं.

"तिला दिलंस तर बाकीच्यांनी काय केलंय? नाय."

रात्री ललिताचं उत्तर आलं. "व्हिडिओ बघितला. ठीक हाय. पण पुढच्या टायमाला नियम वर लिवा." रंजिताने तेही वाचलं, आणि पुढच्या सोडतीचा नियम पहिल्या ओळीत लिहून ठेवला.

दोन पेट्या कुरिअरने गेल्या. रंजिताने पत्ता आणि फोन नंबर विजेत्यांकडून पुन्हा तपासून घेतला, पावतीचा नंबर त्यांना पाठवला. चारुताला घरी येऊन न्यायचं होतं. ती आईला, जिजाबाईंना, घेऊन आली. तुळशीराम "या, बसा" म्हणाले आणि जिजाबाई दारातच थांबल्या.

"तुमी कबड्डीला माईकवर असायचे ना? माझं माहेर तुमच्या शेजारच्या गावातलं."

मग पेटी बाजूलाच राहिली. मैदानाच्या कडेला कोणाचं घर होतं, विहिरीवर कोणाची चिंच होती, भरतीचं पाणी कुठवर यायचं, दोघं एकमेकांना आठवण करून देत राहिली. चारुताने एकदा घड्याळ बघितलं, मग तीही ऐकत बसली. रंजिताने फोटो काढून पानावर टाकू का, असं विचारलं तेव्हा जिजाबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "टाक, पन यांना पन घे."

गुरुवारी नाशिकहून मेसेज आला. पेटी पोचली होती, सोड्यांची खिचडी शिजत होती, आणि बाईंनी विचारलं होतं, मसाला किती घालायचा?